पित्त वाढलं म्हणजे अग्नी वाढला का?

छातीत जळजळतं, घशाशी आंबट पाणी येतं, म्हणून ‘माझा जठराग्नी फार तेज आहे’ असं कित्येक जण समजतात. पित्त म्हणजे आम्ल आणि अग्नी म्हणजे पचनशक्ती, एवढं सांगून लेख संपले की हा घोटाळा होणारच.

दोघांचं नातं खरोखरच जवळचं आहे. पित्ताहून वेगळा अग्नी असतो का, हा प्रश्न सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातच आला आहे, आणि तिथलं उत्तर ‘नाही’ असं आहे. तरीही दोन शब्द लागतात. पित्त हा शरीराचं काम चालवणाऱ्या वात-पित्त-कफ या तीन दोषांपैकी एक आहे: उष्ण, तीक्ष्ण, पण त्याचबरोबर द्रव आणि आंबटही. अष्टांगहृदय लिहिणारा वाग्भट म्हणतो, पाचक पित्ताचा द्रवपणा सुटला आणि ते पचनाचं काम करू लागलं की त्यालाच अनल, म्हणजे अग्नी, म्हणायचं. म्हणजे सगळा फरक त्या द्रवपणात आहे.

हाच द्रवपणा वाढला तर काय होतं, ते चरकसंहितेच्या ग्रहणीचिकित्सा या अध्यायात सापडतं. तिखट, आंबट, क्षारयुक्त, जळजळ करणाऱ्या विदाही खाण्याने आणि अजीर्णाने भडकलेलं पित्त अग्नीला बुडवून विझवतं, जसं कढत पाणी विस्तव विझवतं. पाणी गरम आहे म्हणून विस्तव पेटत नाही!

आता दोन रुग्ण घ्या. एकाला आंबट ढेकर आणि जळजळ आहे, पण भूक नाही. चार घास खाल्ले तरी पोट जड होतं. दुसऱ्याला सारखी भूक लागते, खाल्लं की बरं वाटतं आणि अन्न जिरताच जीव कासावीस होतो. पहिल्याचं पित्त वाढलंय आणि अग्नी मंद आहे. दुसऱ्याचा अग्नी अतितीक्ष्ण आहे. दोघांनाही ‘पित्ताचा त्रास’ म्हटलं की पहिल्याला भूक लागावी म्हणून मिरी-सुंठ दिली जाते, आणि जळजळ आणखी वाढते. त्याला कडू रसाची द्रव्यं लागतात, कारण ती पित्त शमवतात आणि अग्नीही पेटवतात. तूपही पित्त शमवतं आणि योग्य मात्रेत अग्नी वाढवतं. पित्त आणि अग्नी सर्वार्थाने एकच असते, तर हे जमलंच नसतं. (गिळताना घास अडकत असेल, शौचाला काळं होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.)

प्रकृती, म्हणजे माणसाची मूळ घडण, हा तिसराच प्रश्न. ती गर्भधारणेच्या वेळी ठरते. महिनाभराच्या जळजळीवरून ठरत नाही. पित्तप्रकृतीच्या माणसाचा अग्नी स्वभावतः तीक्ष्ण असतो, भूक त्याला सहन होत नाही. पण चुकीच्या खाण्याने त्याचंही पित्त पातळ होऊन अग्नी मंदावू शकतो. म्हणून वैद्य आजच्या लक्षणांबरोबरच लहानपणापासून भूक कशी होती, घाम किती यायचा, हेही विचारतो. पहिल्या उत्तरातून विकृती, म्हणजे आत्ताचा बिघाड, कळते, दुसऱ्यातून प्रकृती.