चेर्नोबिलचे निवेदन आणि ‘डेझी’ची जाहिरात : हुकूमशाहीतला प्रचार व लोकशाहीतला प्रचार

अणुशक्तीच्या भीतीशी निगडित असे दोन अगदी छोटे मजकूर दूरचित्रवाणीवरून गेले. एक १९६४ साली अमेरिकेत आणि दुसरा १९८६ साली सोव्हिएत संघात. पहिल्यात ही भीती मुद्दाम भडकवली होती, तर दुसऱ्यात ती मुद्दाम दडवली होती. ‘शेवटी सगळा प्रचारच, तिथला काय आणि इथला काय’ असे सर्रास म्हटले जाते. ते कितपत खरे आहे हे तपासायला या दोहोंइतकी चांगली जोडी मला दुसरी माहीत नाही.

७ सप्टेंबर १९६४ च्या रात्री एनबीसी वाहिनीवर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या प्रचाराची एक मिनिटाची जाहिरात दाखवली गेली. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या तोडत अडखळत अंक मोजते. तिचे मोजणे संपता संपता एक करडा पुरुषी आवाज उलटे अंक मोजू लागतो, कॅमेरा तिच्या डोळ्यांत शिरतो आणि पडदाभर अणुस्फोट होतो. त्यावर जॉन्सन यांचा आवाज येतो आणि शेवटी त्यांना मत देण्याचे आवाहन होते. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचे नावही त्यात नाही, पण अण्वस्त्रांबद्दलची त्यांची बेफिकीर विधाने लोकांच्या कानांत ताजी होती, त्यामुळे रोख कोणावर आहे हे कोणालाच सांगावे लागले नाही. हा माणूस निवडून आला तर तुमची मुले जळून जातील, असे ती जाहिरात सुचवत होती, आणि हे सुचवणे उघडउघड अन्यायाचे होते.

आता दुसरा मजकूर. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे १ वाजून २३ मिनिटांनी चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला. २८ तारखेला सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांना किरणोत्सारी धूळ लागल्याचे आढळले, ती धूळ पूर्वेकडून आल्याचा माग लागला आणि स्वीडनने मॉस्कोकडे विचारणा सुरू केली. त्याच रात्री ‘व्रेम्या’ या बातमीपत्रात चार-पाच वाक्ये वाचली गेली. चेर्नोबिल केंद्रात अपघात झाला आहे, एका अणुभट्टीचे नुकसान झाले आहे, परिणाम दूर करण्याचे उपाय चालू आहेत, बाधितांना मदत दिली जात आहे आणि सरकारी आयोग नेमला आहे, एवढाच त्यांचा आशय होता.

या निवेदनातले एकही वाक्य खोटे नाही. अपघात झाला होता, अणुभट्टी बिघडली होती, आयोगही नेमला होता. उलट ‘डेझी’ या नावाने ओळखली जाणारी ती अमेरिकी जाहिरात म्हणजे भडक अतिशयोक्ती होती. म्हणजे केवळ खरे-खोटे या कसोटीवर पाहिले, तर सोव्हिएत निवेदन प्रामाणिक ठरते आणि अमेरिकी जाहिरात दोषी ठरते. कसोटीच चुकीची असल्यामुळे असे होते. एखादा मजकूर कोणत्या जातीचा आहे हे त्यातल्या शब्दांवरून कळत नाही. त्याच्या आजूबाजूला दुसऱ्या कोणाला काय बोलता येत होते, यावरून कळते.

‘डेझी’ पैसे भरून एकदाच दाखवली गेली. पण रिपब्लिकन पक्षाने लगेच निषेध केला, वृत्तवाहिन्यांनी तीच जाहिरात बातमी म्हणून पुन्हा दाखवून तिच्यावर चर्चा केली, आणि ती योग्य की अयोग्य हा वाद जाहीरपणे झडला. एका उमेदवाराला वेळ विकणाऱ्या वाहिनीने दुसऱ्यालाही तशीच संधी दिली पाहिजे आणि पैसे कोणी भरले ते जाहीर केले पाहिजे, असे तिथल्या १९३४ च्या दळणवळण कायद्याचे बंधन होते. ज्याच्या मनात ती भीती पेरली गेली, त्या प्रेक्षकाच्या घरापर्यंत गोल्डवॉटर यांचे उत्तरही त्याच पडद्यावरून पोहोचू शकत होते. ते निवडणूक हरले, पण त्यांचे तोंड कोणी बांधले नव्हते.

सोव्हिएत संघात १९२२ पासून ‘ग्लावलित’ ही संस्था छापील मजकूर प्रसिद्धीपूर्वी तपासत असे. काय छापायचे नाही याची गुप्त यादी तिच्याकडे होती, आणि सेन्सॉरशिप अस्तित्वात आहे हेही त्या छापू नये अशा गोष्टींत मोडत असे. परदेशी नभोवाणी केंद्रांची रशियन प्रक्षेपणे गोंगाट सोडून बुजवली जात. त्यामुळे चार-पाच वाक्यांच्या त्या निवेदनात जे नव्हते, ते नागरिकाला दुसरीकडून सहजी मिळण्याची सोय नव्हती. किती किरणोत्सार पसरला, वारा कुठे वाहतो आहे आणि मुलांना काय द्यायचे नाही, हे त्यात नव्हते. केंद्राजवळचे प्रिप्यात शहर २७ तारखेला रिकामे केले गेले, पण कीव्हमध्ये १ मेचे संचलन ठरल्याप्रमाणे झाले आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह दूरचित्रवाणीवरून बोलले ते १४ मे रोजी.

या मौनाचा हिशेब दुधात सापडतो. स्फोटातून बाहेर पडलेले आयोडीन-१३१ गवतावर बसते, गायीच्या पोटातून दुधात उतरते आणि मुलांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत साठते. त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे आहे. म्हणजे काही आठवडे ताजे दूध बंद ठेवले असते, तर मोठा धोका टळला असता. ‘मुलांना दूध देऊ नका’ हे वाक्य त्या पहिल्या दिवसांत आईबापांच्या कानावर वेळेत आणि स्पष्टपणे पडायला हवे होते. पुढे २००५ पर्यंत बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत, अपघाताच्या वेळी लहान असलेल्यांमध्ये थायरॉइड कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण आढळले, आणि त्यांतील बऱ्याच जणांच्या आजाराचे कारण ते दूध मानले जाते. मला हे लिहितानाही संताप येतो.

सेन्सॉरशिप फक्त प्रजेला आंधळे करते असेही नाही. १९७५ साली लेनिनग्राड केंद्रातल्या याच प्रकारच्या अणुभट्टीत इंधनाची हानी करणारा अपघात झाला होता, पण त्याचे धडे इतर केंद्रांतल्या चालकांपर्यंत नीट पोहोचू दिले गेले नाहीत. चेर्नोबिलच्या नियंत्रण कक्षातली माणसे आपल्याच यंत्राचा स्वभाव पुरता न कळता तिथे बसली होती.

लोकशाहीत सरकार खोटे बोलत नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. ‘डेझी’च्या बरोबर एक महिना आधी, ७ ऑगस्ट १९६४ रोजी, टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दोनदा हल्ला झाला या सरकारी दाव्यावर विसंबून अमेरिकी संसदेने व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरण्याची मुभा दिली. त्यातला दुसरा हल्ला झालाच नव्हता. फरक पुढे दिसतो. १९७१ साली युद्धाबद्दलची गुप्त कागदपत्रे वर्तमानपत्रांनी छापली, सरकारने ती रोखण्याचा प्रयत्न केला आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी वर्तमानपत्रांचा हक्क मान्य केला. सत्य उशिरा आले, हजारो माणसे मेल्यानंतर आले, ही या व्यवस्थेची खरी मर्यादा आहे.

दुसरी मर्यादा पैशाची आहे. उत्तर देण्याचा हक्क असला तरी ते ऐकू जायला पैसा लागतो, आणि पैसा कोणाचा हे झाकले की लोकशाहीतला प्रचारही हळूहळू हुकूमशाहीतल्या प्रचाराच्या जातीकडे झुकतो. म्हणून आपल्याकडे निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता छापणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ नुसार बंधनकारक आहे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या निनावी चित्रफितीवर तसे काहीच नसते.

लोकशाही देश या दोन जातींमधली सीमा ओलांडतो तेव्हा ते कसे दिसते, हे आपण जून १९७५ मध्ये पाहिले आहे. आणीबाणी लागू होताच प्रसिद्धीपूर्व सेन्सॉरशिप आली. तेव्हा काही वृत्तपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली, म्हणजे इथे काहीतरी कापले गेले आहे हे वाचकाला कळावे. त्यावर सेन्सॉरने कोरी जागा सोडण्यालाच मनाई केली. मजकूर कापणे सरकारला पुरेसे वाटले नाही. कापल्याची खूणही वाचकाला दिसू नये, हेच ‘ग्लावलित’ इतकी वर्षे करत आली होती.