इन्स्टंट, चिकोरी आणि फिल्टर कॉफी : कपातल्या ॲक्रिलामाइडची पार्श्वभूमी

1997 साली स्वीडनमधील हालांडसोस बोगद्याच्या कामात गळती रोखण्यासाठी वापरलेल्या मिश्रणातून ॲक्रिलामाइड हे विषारी रसायन ओढ्यात मिसळले, मासे मेले आणि ते पाणी प्यालेल्या गायींना पक्षाघात झाला. कामगारांचे रक्त तपासताना तुलनेसाठी घेतलेल्या, बोगद्याशी काहीही संबंध नसलेल्या माणसांच्या रक्तातही त्याच्या खुणा आढळल्या. त्याचा माग आहारापर्यंत पोहोचला, आणि पिठूळ पदार्थ 120 अंशांहून अधिक तापवल्यास ॲक्रिलामाइड तयार होते, हे एप्रिल 2002 मध्ये जाहीर झाले.

कॉफी भाजताना ॲस्परजिन हे अमिनो आम्ल आणि शर्करा यांच्या अभिक्रियेतून ते सुरुवातीलाच बनते. भाजणी पुढे गेली की त्यातले बरेचसे नष्टही होते, म्हणून गडद भाजलेल्या कॉफीत ते हलक्या भाजणीपेक्षा कमी असते. नेपोलियनने 1806 मध्ये ब्रिटिश व्यापाराची नाकेबंदी केल्यानंतर युरोपात पर्याय म्हणून फोफावलेली चिकोरी मात्र मूळ आहे, बी नव्हे. तिच्यात कॅफिन नसते. उलट तिच्यातील इन्युलिन या साठवणीच्या कर्बोदकापासून भाजताना फ्रुक्टोज सुटते आणि अभिक्रियेला भरपूर साखर मिळते.

युरोपीय संघाच्या 2017 च्या नियमावलीत किलोमागे भाजलेल्या कॉफीसाठी 400, इन्स्टंटसाठी 850 आणि निव्वळ चिकोरीसाठी 4000 मायक्रोग्रॅम ॲक्रिलामाइड हे संदर्भस्तर, म्हणजे उत्पादकांनी ज्याखाली राहणे अपेक्षित आहे ते प्रमाण, आहेत. हे आकडे पाहून इन्स्टंटला दोष देणारे पुष्कळ भेटतात, पण आपण पितो तो कप, किलो नव्हे. इन्स्टंट पूड म्हणजे कॉफीचा सुकवलेला अर्क असल्याने कपाला 2 ग्रॅम पुरते, तर फिल्टरला 10 ग्रॅम लागते. संदर्भस्तराइतकेच प्रमाण धरले, आणि हे द्रव्य पाण्यात सहज विरघळते म्हणून ते सगळे कपात उतरले असे मानले, तर इन्स्टंटच्या कपात 1.7, निव्वळ फिल्टर कॉफीत 4, तर कॉफी-चिकोरीच्या 70:30 मिश्रणाच्या 10 ग्रॅममध्ये 14.8 मायक्रोग्रॅम येते. त्यातले 12 एकट्या 3 ग्रॅम चिकोरीचे.

कॅफिनचा हिशेब वेगळा आहे. अरेबिका बियांत ते सुमारे 1.2 टक्के, रोबस्टात साधारण 2 टक्के असते. म्हणजे 10 ग्रॅम अरेबिकात 120 मिलिग्रॅम, तर त्याच 70:30 मिश्रणात 84. इन्स्टंटच्या कपात ते बहुधा 60 च्या आसपास भरते. तेव्हा कॅफिन टाळण्यासाठी चिकोरी वाढवणारा माणूस नकळत ॲक्रिलामाइड वाढवतो. 1994 पासून त्याची नोंद ‘मानवात बहुधा कर्ककारक’ अशी आहे, तरी आहारातून मिळणाऱ्या मात्रेने माणसांत कर्करोग वाढतो, असे अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही.

कपात घातलेल्या साखरेने ॲक्रिलामाइड वाढत नाही, कारण उकळते पाणीही शंभर अंशांच्या पुढे जात नाही. मात्र दोन चमचे, म्हणजे सुमारे 8 ग्रॅम साखर असे तीन कप झाले, की दिवसाची 24 ग्रॅम होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सुचवलेली, एकूण ऊर्जेच्या पाच टक्क्यांची अधिक कडक मर्यादा सुमारे 25 ग्रॅमच आहे.