यंत्रलिखित कॅप्शनची तपासणी

एआयने लिहिलेले सोशल मीडियाचे कॅप्शन शेड्युलच्या रांगेत लावण्याआधी दोन कागदांशी ताडून पाहण्याचे काम. पहिला कागद व्हॉइस शीट. ग्राहकाचे दुकान कसे बोलते, वाचणाऱ्याला ‘तुम्ही’ म्हणते की ‘आपण’, कोणते शब्द कधीच वापरत नाही, हे त्यात असते. शेवटी पूर्वीची दोनतीन पसंत पडलेली कॅप्शन्स नमुन्यादाखल जोडतात. दुसरा कागद फॅक्ट चेकलिस्ट. नाव, गाव, वजन, तारीख, भाव, घरपोचची हद्द, परवाना अशा तपासता येण्याजोग्या गोष्टी आणि प्रत्येकीचा आधार त्यात लिहिलेला असतो. ठाणे आणि नवी मुंबईतल्या लहान एजन्सींत हे काम बहुधा कॉपी लिहिणाऱ्याकडेच येते. एकाच माणसाने दोन्ही कागद हाताळावेत हे सोयीचे आहे, पण दोन्ही एकाच वाचनात उरकू नयेत.

यंत्राचे वाक्य गुळगुळीत असते आणि खरी अडचण तिथेच आहे. माणसाच्या कच्च्या मजकुरात जिथे माहिती अपुरी असते तिथे वाक्य अडखळते आणि वाचणाऱ्याला शंका येते. यंत्र ती जागा एखाद्या छान विशेषणाने भरून टाकते. म्हणून तपासताना कॅप्शन आधी सलग न वाचता त्यातला दावा करणारा प्रत्येक शब्द अधोरेखित करतात आणि समोर आधार लिहितात. नुसती बरोबरची खूण चालत नाही. ‘ग्राहकाचे दरपत्रक, १४ एप्रिल’ किंवा ‘गोदामात फोन केला’ असे लिहावे लागते. आकडे सगळेच तपासतात. ‘अस्सल’, ‘नैसर्गिक’, ‘सेंद्रिय’ हे शब्द मात्र सजावट समजून सोडले जातात आणि नेमके तेच अंगाशी येतात.

वाशीच्या घाऊक बाजारात गाळा असलेला, घरपोच आंबा देणारा एक विक्रेता उदाहरणादाखल घेऊ. साल २०२५. यंत्राने दिलेले कॅप्शन असे:

‘फळांचा राजा तुमच्या दारी! रत्नागिरीच्या लाल मातीतला अस्सल देवगड हापूस, पूर्णपणे नैसर्गिकरीत्या पिकवलेला. १० मेच्या अक्षय्य तृतीयेला आपल्या कुटुंबासोबत गोडव्याचा अनुभव घ्या. आजच ऑर्डर करा, घरपोच मोफत!’

वाचायला काहीच खटकत नाही. अधोरेखन केल्यावर पहिली चूक दिसते ती भूगोलाची. देवगड तालुका सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे, रत्नागिरीत नाही. कोकणातला कुणीही ग्राहक हे पाहताच विक्रेत्याला आंबा कळतो की नाही अशी शंका घेईल. दुसरी चूक तारखेची. १० मे ही २०२४ची अक्षय्य तृतीया. २०२५मध्ये ती ३० एप्रिलला, बुधवारी होती. तिथीने येणारा सण इंग्रजी तारखेत दरवर्षी सरकतो आणि यंत्र बिनदिक्कत जुनी तारीख उचलते. त्यामुळे सणाची तारीख त्या वर्षाचे कॅलेंडर उघडूनच तपासावी, आठवणीवर जाऊ नये.

‘घरपोच मोफत’ हे अर्धे खरे होते. दरपत्रकाप्रमाणे ऐरोली ते बेलापूर मोफत, ठाण्याला वेगळे पैसे. यंत्राने अट गाळली. गाळलेली गोष्ट अधोरेखनात सापडत नाही, कारण ती कॅप्शनमध्ये नसतेच. त्यासाठी उलट दिशेनेही जावे लागते: चेकलिस्टच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ती कॅप्शनमध्ये आली का, नसेल तर चालेल का, हे विचारायचे. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० अक्षरांची मुभा असली तरी फीडमध्ये सुरुवातीच्या ओळीच दिसतात आणि बाकीचा मजकूर दाबून उघडावा लागतो. मोफत वर आणि अट खाली दडलेली, अशी मांडणी म्हणूनच टाळतात.

सगळ्यात जोखमीचा शब्द होता ‘नैसर्गिकरीत्या’. गोदामात फोन केल्यावर कळले की फळ रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायूवर पिकवतात. हे कायदेशीर आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांत कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवायला बंदी आहे आणि इथिलीनला दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत परवानगी आहे. तेव्हा ‘कार्बाइड न वापरता’ असे हा विक्रेता खुशाल म्हणू शकतो. ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेला’ म्हणू शकत नाही. एका विशेषणाने सरळ व्यवहार करणाऱ्या माणसाला खोट्यात पाडले असते. ‘जीआय मानांकित’ हा शब्दही असाच जपून वापरायचा. हापूसला भौगोलिक मानांकन २०१८मध्ये मिळाले, त्याच्या क्षेत्रात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे आणि पालघरही येतात, पण मानांकनाचे नाव लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नोंदणीचा कागद हाती आल्याशिवाय तो शब्द ठेवत नाहीत.

यानंतर व्हॉइस शीट. विक्रेत्याच्या शीटवर लिहिले होते: गाळ्यावर बोलतो तसे बोला, ‘तुम्ही’ म्हणा, उद्गारचिन्ह नको, ‘राजा’ आणि ‘अनुभव घ्या’ नको. यंत्राने ‘तुमच्या दारी’ लिहून पुढच्याच वाक्यात ‘आपल्या कुटुंबासोबत’ लिहिले होते. संबोधन असे मध्येच बदलणे ही यंत्राच्या मराठीची खूण आहे. ‘गोडव्याचा अनुभव घ्या’ हे तर आंब्याच्या धंद्यातला कुणीच बोलत नाही. माणूस म्हणतो, ‘खाऊन बघा.’

सूर लावताना कॉपी लिहिणाऱ्याने ‘चेंबरमध्ये पिकवलेला’ हे कोरडे वाटले म्हणून ‘अढीत पिकवलेला’ केले. शब्द घरचा आहे, कानाला गोड आहे, आणि चूक आहे. अढी म्हणजे गवतात किंवा पेंढ्यात आंबा रचून ठेवणे. इथे तसे काही होत नव्हते. ही चूक यंत्राची नव्हती, दुरुस्तीने आणली होती. म्हणून सूर बदलल्यावर चेकलिस्ट पुन्हा पहिल्या ओळीपासून फिरवतात. माझ्या मते या कामात सर्वाधिक वेळा गाळली जाणारी पायरी हीच, कारण तोवर मजकूर आपलाच वाटू लागलेला असतो. दुसऱ्या फेरीनंतरचे कॅप्शन असे झाले:

‘देवगडचा हापूस आला. कार्बाइड न वापरता, वाशीत आमच्या चेंबरमध्ये पिकवलेला. अक्षय्य तृतीया बुधवारी, ३० एप्रिलला आहे. रविवारपर्यंत सांगितलंत तर पेटी मंगळवारी घरी येईल. ऐरोली ते बेलापूर पोचवायचे पैसे नाहीत. ठाण्याला किती ते फोनवर विचारा.’

चित्रही याच वेळी समोर ठेवतात. मजकुरात पेटी आणि फोटोत डझनाचा खोका असेल तर ग्राहक फोटोवरच विश्वास ठेवतो.

या तपासणीला मर्यादा आहे. चेकलिस्टवरच चुकीचे लिहिले असेल तर चूक सहीसलामत पुढे जाते, म्हणून तिच्या माथ्यावर ती ग्राहकाशी शेवटची कधी पडताळली ती तारीख असावी. शिवाय रांगेत लागल्यावर कॅप्शन शिळे होऊ शकते. घाऊक बाजारातला भाव आवकेप्रमाणे रोज हलतो. सोमवारी खरा असलेला आकडा शुक्रवारी खरा असेलच असे नाही. भाव असलेले कॅप्शन सहसा चार दिवस आधी लावत नाहीत, आणि लावायचेच झाले तर मंजुरीच्या रकान्यात मुदत लिहितात. वरच्या कॅप्शनपुढे अशी नोंद होती: ‘२७ एप्रिल, दुपारनंतर टाकू नये. रविवारची ऑर्डर संध्याकाळी बंद.’