फुटलेली काच, फुकटे प्रवासी आणि न्यूयॉर्कचं गणित

आमच्या कुर्ल्याच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये परवा एका काकांनी गेटसमोरच्या भजीवाल्याचा विषय काढला आणि त्याच्या जोडीला "ब्रोकन विंडो थिअरी" पण काढली. म्हणजे बघा, एक काच फुटली आणि ती कोणी बदलली नाही की लोकांना वाटतं इथे कोणाचं लक्षच नाहीये, मग दुसरी फुटते, मग गर्दुल्ले येतात, मग चोऱ्या. न्यूयॉर्कमध्ये असंच साफ केलं म्हणे, झीरो टॉलरन्स, म्हणजे किरकोळ गोष्टीलाही माफी नाही, आणि खून एकदम कमी झाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी समाजशास्त्र शिकवतो म्हणून माझ्याकडे बघितलं गेलं, पण तेव्हा पाण्याच्या टँकरचा विषय निघाला आणि माझं राहूनच गेलं. म्हणून इथे लिहितोय.

ही थिअरी आली कुठून, तर मार्च १९८२ मध्ये अटलांटिक मंथली या अमेरिकन मासिकात जेम्स क्यू. विल्सन आणि जॉर्ज केलिंग या दोघांनी एक लेख लिहिला. लक्षात घ्या, हा मासिकातला लेख होता, संशोधनाचा पेपर नाही. आणि त्याच्या पायाशी दोन गोष्टी होत्या, त्या दोन्ही नीट बघितल्या तर मजा येते.

पहिली म्हणजे न्यू जर्सीमधल्या न्यूअर्क शहरातला प्रयोग. पोलिसांना गाडीतून उतरवून पायी गस्तीला लावलं आणि बघितलं काय होतं. गुन्हे कमी झाले का? नाही झाले. पण लोकांना सुरक्षित वाटायला लागलं आणि पोलिसांबद्दलचं मत सुधारलं. आता कोणी म्हणेल प्रयोग फसला, पण केलिंग स्वतः त्या पोलिसांबरोबर रस्त्यावर फिरला होता आणि त्याला त्यात वेगळंच काहीतरी दिसलं. त्या भागात न लिहिलेले नियम होते. दारुडे पायऱ्यांवर बसू शकत होते पण आडवं पडायचं नाही. बाटली कागदी पिशवीत ठेवायची. गल्लीत प्यायली तर चालेल, मुख्य चौकात नाही. बस स्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाकडे भीक मागायची नाही. हे नियम पोलिसाने एकट्याने लादलेले नव्हते, तिथल्या नेहमीच्या लोकांबरोबर ते ठरत गेले होते, आपल्याकडे जुन्या बीटवरचा हवालदार नाक्यावरच्या पोरांना नावानिशी ओळखायचा ना, साधारण तसं. म्हणजे मूळ लेखातला पोलीस अटक करत सुटलेला नाहीये, तो दारुड्याला "उठून बस" म्हणतोय.

दुसरी गोष्ट गाडीची. १९६९ मध्ये फिलिप झिम्बार्डो या मानसशास्त्रज्ञाने एक बेवारस गाडी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ठेवली आणि एक कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो या सुखवस्तू गावात. ब्राँक्समधली दहा मिनिटांत लुटायला सुरुवात झाली. पालो आल्टोमधली आठवडाभर तशीच, कोणी हातच लावेना. मग प्रयोग करणाऱ्यांनीच घण घालून ती फोडायला सुरुवात केली आणि बाकीचे सामील झाले. आता यातून "एक काच फुटली की सगळं जातं" हे सिद्ध होतं असं वाटतं, पण ब्राँक्समधल्या गाडीची काच आधी कुठे फुटली होती? तिथे फरक गरिबीचा आणि अनोळखी मोठ्या शहराचा होता. आणि दुसऱ्या गाडीला पहिला घण कोणी घातला, तर प्रोफेसरच्या पार्टीने. यावर थिअरी उभी राहिली हे मला नेहमीच थोडं गमतीचं वाटतं.

पुढचं न्यूयॉर्क. तिथे ऐंशीच्या दशकात सबवेच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या डब्यांवरची ग्राफिटी, म्हणजे स्प्रेने रंगवलेली नावं-चित्रं काढायची मोहीम झाली, १९८९ पर्यंत डबे स्वच्छ झाले, केलिंग तिथे सल्लागार होता. मग १९९० मध्ये विल्यम ब्रॅटन त्या रेल्वेच्या ट्रान्झिट पोलिसांचा प्रमुख झाला आणि त्याने फुकट्या प्रवाशांना पकडायला सुरुवात केली. आपल्याकडे टीसी पावती फाडतो आणि विषय संपतो, तिथे त्यांना अटक करून बेड्या घालून रांगेत उभं करायचे. आणि ब्रॅटनला त्यात घबाड सापडलं, त्याच्या म्हणण्यानुसार पकडलेल्या दर सात जणांमागे एकावर आधीचं वॉरंट निघायचं. इथेच थिअरी गुपचूप बदलली, हे लोकांच्या लक्षात येत नाही. मूळ म्हणणं होतं की छोटी बेशिस्त रोखली की परिसराला धीर येतो आणि लोक स्वतःच लक्ष ठेवतात. आता झालं असं की छोटी बेशिस्त हे माणसाला थांबवायचं, झडती घ्यायचं निमित्त. त्याला काच बदलणं म्हणत नाहीत, त्याला जाळं टाकणं म्हणतात.

१९९४ मध्ये रुडी जुलियानी महापौर झाला, ब्रॅटन शहराचा पोलीस आयुक्त. रस्त्यात दारू पिणं, लघवी करणं, सिग्नलला गाडीची काच पुसून पैसे मागणं, सगळ्यावर कारवाई. झीरो टॉलरन्स हा शब्द ड्रग्जविरोधी मोहिमांतून आलेला, तो या सगळ्याला चिकटला. केलिंगला तो शब्द आवडायचा नाही, त्याचं म्हणणं पोलिसाने तारतम्य वापरायचं असतं आणि झीरो टॉलरन्समध्ये तारतम्यच शून्य. पण शब्द एकदा मतांच्या राजकारणात गेला की लेखकाचं कोण ऐकतो.

आणि खून खरंच कमी झाले हो. १९९० मध्ये शहरात २२०० च्या वर खून, १९९८ मध्ये साडेसहाशेच्या आत. एवढा आकडा समोर असल्यावर वाद घालायचा कशाला?

वाद असा. पहिलं म्हणजे उतरण जुलियानी यायच्या आधीच, १९९१ पासून सुरू झाली होती आणि त्याच काळात सॅन दिएगोसारख्या शहरांतही गुन्हे झपाट्याने कमी झाले, जिथे पोलिसांची पद्धत वेगळी होती. पण यापेक्षा बारीक मुद्दा बर्नार्ड हारकोर्ट आणि जेन्स लुडविग या अभ्यासकांनी २००६ मध्ये काढला. त्याआधी २००१ मध्ये केलिंगने एका सहकाऱ्याबरोबर हिशोब मांडला होता की किरकोळ गुन्ह्यांच्या दर २८ अटकांमागे एक हिंसक गुन्हा टळला. हारकोर्ट-लुडविगने तेच आकडे पुन्हा तपासले. ज्या पोलीस ठाण्यांच्या हद्दीत अटका सगळ्यात जास्त वाढवल्या, त्या कुठल्या होत्या? तर ऐंशीच्या दशकात क्रॅक कोकेनने सगळ्यात जास्त पोळलेल्या. तिथे गुन्हे आभाळाला भिडले होते, आणि क्रॅकची साथ ओसरल्यावर जिथे सगळ्यात जास्त चढले तिथेच सगळ्यात जास्त उतरणार. माझ्या आजीचं कसं होतं, ताप १०४ ला गेला की ती गवती चहाचा काढा द्यायची आणि दुसऱ्या दिवशी ताप १०१, श्रेय काढ्याला. काढा वाईट नाही, पण ९९ ताप असणाऱ्याला ती कधी द्यायचीच नाही ना, मग तुलना करणार कशाशी.

पण समाजशास्त्राच्या बाजूने सगळ्यात भारी काम शिकागोमधलं, रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडेनबुश यांचं, १९९९ मध्ये छापलेलं. त्यांनी काय केलं, एका गाडीच्या दोन्ही बाजूंना व्हिडिओ कॅमेरे लावले आणि माणूस चालेल त्याच्या जरा वर अशा वेगाने शहरातून फिरवली. १९६ वस्त्या, २३ हजारांवर रस्त्यांच्या बाजू. मग ते फुटेज बघून मोजणी केली, कुठे कचरा, कुठे ग्राफिटी, कुठे बेवारस गाडी, कुठे टोळकं उभं. म्हणजे "इथे बेशिस्त आहे" हे कोणाच्या मतावर न सोडता डोळ्यांनी मोजलं. शिवाय साडेतीन हजारांहून जास्त रहिवाशांना विचारलं की तुमच्या गल्लीत पोरं शाळा बुडवून उभी असतील तर शेजारी बोलतील का, भांडण झालं तर मध्ये पडतील का, एकमेकांवर भरवसा आहे का.

निकाल असा की बेशिस्त आणि गुन्हा एकत्र दिसतात हे खरं, पण एकामुळे दुसरं होतं असं नाही. वस्तीतली गरिबी आणि हा शेजाऱ्यांचा भरवसा हिशोबात घेतला की बेशिस्तीचा गुन्ह्याशी संबंध बहुतेक ठिकाणी गळून पडतो, रस्त्यावरच्या लुटमारीपुरता काही उरतो. भिंतीला ओल आली की रंगाचे पोपडे निघतात आणि बुरशीपण येते, तुम्ही पोपडे खरवडून काढा, बुरशी जाणार नाही, ओल कुठून येतेय ते बघायला लागेल.

२००४ मध्ये याच दोघांनी त्याच माहितीतून आणखी एक गोष्ट दाखवली जी मला जास्त अस्वस्थ करते. लोकांना "आपल्याकडे फार बेशिस्त आहे" असं कधी वाटतं? कॅमेऱ्यात दिसणारा कचरा-ग्राफिटी सारखाच असला तरी वस्तीत काळे आणि गरीब लोक जास्त असतील तर बेशिस्त जास्त दिसते. आणि हे फक्त गोऱ्यांना नाही, काळ्या रहिवाशांनाही तसंच दिसत होतं. म्हणजे फुटलेली काच कुठली हे काच ठरवत नाही, बघणारा काय बघायला शिकलाय त्यावर ठरतं. विल्सन-केलिंगनी मूळ लेखात ही भीती स्वतः मांडली होती बरं का, की पोलीस रंगावरून नकोशी माणसं ठरवायला लागले तर काय, आणि समाधानकारक उत्तर आहे असं ते छातीठोक म्हणू शकले नव्हते. न्यूयॉर्कमध्ये २०११ या एका वर्षात पोलिसांनी ६ लाख ८५ हजार वेळा लोकांना रस्त्यात थांबवलं, बहुतेक काळे आणि लॅटिनो, आणि दहातल्या जवळजवळ नऊ वेळा ना अटक ना दंड. २०१३ मध्ये कोर्टाने तो प्रकार घटनाबाह्य ठरवला, पुढे लोकांना असं रस्त्यात थांबवणं अगदी थोड्यावर आलं आणि गुन्हे काही उसळले नाहीत. एरिक गार्नर हा न्यूयॉर्कमधला काळा माणूस २०१४ मध्ये पोलिसांच्या हातून गेला तेव्हा त्याच्यावर संशय होता सुटी सिगरेट विकल्याचा.

आपल्याला हे नवीन नाही, फक्त आपण त्याला थिअरी म्हणत नाही. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंध कायदा काढून वाचा. त्यात भीक मागणं म्हणजे नुसता हात पसरणं नाही, गाणं म्हणणं, कसरत करणं, भविष्य सांगणं, वस्तू विकायला पुढे करणं हेही आहे, आणि ज्याचं उपजीविकेचं साधन दिसत नाही असा माणूस भीक मागून जगत असावा अशा अवस्थेत फिरताना दिसला तर तोही त्यात बसतो. पहिल्यांदा पकडला तर वर्ष ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. "दिसत नाही" हा शब्द बघा. सिग्नलला गजरे विकणाऱ्या पारधी बाईबद्दल काय दिसेल हे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून शिकवलं गेलंय, तो १९५२ मध्ये गेला पण डोळे तेच राहिले. हा कायदा दिल्लीला लागू केलेला होता, तिथल्या हायकोर्टाने २०१८ मध्ये त्याची मुख्य कलमं रद्द केली.

काकांची बाजू अगदीच पडती आहे असं नाही. २०१५ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात बेशिस्तीवर काम केल्याने गुन्हे थोडे कमी होतात असंच निघालं. पण कुठल्या कामाने, तर लोकांना घेऊन जागेची अडचण सोडवली तिथे, पडका प्लॉट साफ केला, दिवे लावले वगैरे. नुसती धरपकड वाढवली तिथे म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आमच्या गेटपासून तिसरा खांब गणपतीपासून बंद आहे. रात्री त्या अंधाऱ्या पट्ट्यात उजेड असतो तो फक्त भजीवाल्याच्या गाडीवरच्या बल्बचा, आणि साडेअकरापर्यंत तिथे चार माणसं उभी असतात म्हणून शेजारच्या क्लासवरून येणाऱ्या मुली त्याच बाजूने चालतात. मीटिंगच्या अजेंड्यावर खांब नव्हता. पुढच्या रविवारी मी तो घालायला सांगितलाय, भजीवाल्याच्या आधी.