टेपर प्लग गेज तुमच्या सरफेस प्लेटवर कसा तपासावा

आमच्याकडून ७:२४ टेपरचा (बीटी ४० होल्डरसाठीचा) प्लग गेज नेल्यावर काही ग्राहक तो साइन बारवर ठेवून पाहतात, आणि त्यांनी तसं पाहावंच. मात्र गेल्या वर्षी एका ग्राहकांचा फोन आला, ‘‘गेज साफ चुकलाय, डायल ५० मिलिमीटरमध्ये ०.३ पळतोय.’’ गेज बरोबर होता, चूक उंचीच्या हिशेबात होती. म्हणून ही माहिती.

साइन बार म्हणजे दोन सारख्या रोलरवर उभी असलेली, घासून सपाट केलेली पोलादी पट्टी. दोन्ही रोलरच्या केंद्रांमधलं अंतर पक्कं ठरलेलं असतं. येथे ते २०० मिमी धरू. एका रोलरखाली स्लिप गेजची थप्पी ठेवली की बार तिरका होतो. थप्पीची उंची अशी काढायची:

h = L × sin θ

θ हा शंकूचा पूर्ण कोन. गेज बारवर आडवा ठेवला की त्याची खालची रेषा बारला टेकते. मग वरची रेषा प्लेटला समांतर व्हायची असेल, तर बार पूर्ण कोनाएवढाच उचलावा लागतो.

७:२४ म्हणजे २४ मिमी लांबीत व्यास ७ मिमीने कमी होतो. अक्षापासून एका बाजूचा कोन काढायचा तर ७ भागिले ४८ चा टॅन उलटा घ्यायचा: ८°१७′५०″. त्याची दुप्पट, पूर्ण कोन, १६°३५′३९″ (सेकंद गोळाबेरजेने). त्याचा साइन ०.२८५५९३, म्हणून उंची ५७.११९ मिमी.

त्या ग्राहकांनी थेट २०० × ७/२४ केलं होतं, उत्तर आलं ५८.३३३. टेपरचा आकडा म्हणजे कोनाचा साइन नव्हे. आधी कोन, मगच साइन.

आता थप्पी. ८७ नगांच्या संचातून शेवटचा आकडा आधी उडवत जायचं: १.००९, मग १.११, मग ५, शेवटी ५०. चार स्लिपांत ५७.११९ पूर्ण. स्लिपा स्वच्छ पुसून एकीवर दुसरी आडवी टेकवायची आणि दाबत फिरवत सरळ करायची. चिकटली नाही तर धूळ किंवा बर आहे, जोर करू नका. हाताळून झाल्यावर थप्पी प्लेटवर अर्धा तास तशीच राहू द्या. हाताच्या उबेने तीन अंश तापली तरी ती सुमारे ०.००२ मिमीने वाढते, आणि तेवढ्याने कोन दोन सेकंदांनी सरकतो.

गेज बारवर ठेवताना मोठं टोक खालच्या रोलरकडे आणि लहान टोक उचललेल्या बाजूकडे. उलटं ठेवलं तर वरची रेषा समांतर होण्याऐवजी दुप्पट तिरकी होते. मूठ खालच्या टोकाच्या स्टॉपरला टेकली की गेज घसरत नाही. पोलादी गोल वस्तू लोळते, म्हणून बाजूने आधार द्या. मग एक मायक्रॉनचा डायल स्टँडसह प्लेटवर सरकवा. प्रत्येक जागी डायल गेजवरून आडवा नेऊन सर्वांत मोठं वाचन घ्यायचं, कारण शिखर चुकलं तर वाचनच खोटं.

समजा ५० मिमी अंतरावर दोन वाचनं घेतली आणि लहान टोकाकडचं ०.००४ मिमीने जास्त निघालं. म्हणजे बार गरजेपेक्षा जास्त उचललाय, गेजचा कोन ठरलेल्यापेक्षा कमी आहे. किती? ०.००४ भागिले ५० म्हणजे ०.००००८ रेडियन, साधारण १६ सेकंद. खात्री करायची तर थप्पी ०.०१५ ने कमी करा: ५७.१०४, म्हणजे १.००४, १.१, ५ आणि ५०. आता डायल दोन्हीकडे सारखा दाखवेल, आणि गेजचा खरा कोन १६°३५′२४″ निघेल.

सोळा सेकंद म्हणजे क्षुल्लक वाटेल. पण ६५ मिमी लांबीच्या टेपरवर त्याने व्यासात ०.००५ मिमीचा फरक पडतो. कोन कमी असलेल्या टेपरचं लहान टोक आधी टेकतं, मोठ्या टोकाला फट राहते. होल्डरमध्ये हाच दोष असेल तर तो स्पिंडलमध्ये बसतो खरा, पण टूल डोलतं. ब्लू लावून पाहिलंत तर मोठ्या टोकाकडे निळा ठसा उमटणार नाही.

साइन बारच्या हिशेबाची एक मर्यादा लक्षात ठेवा. कोन वाढत गेला की उंचीतली तीच चूक कोनात मोठी होते. ०.००२ मिमीच्या चुकीने १६ अंशांवर दोन सेकंद बिघडतात, ६० अंशांवर चार. म्हणून ४५ अंशांच्या वर आम्ही साइन बार वापरतच नाही, ९० तून तो कोन वजा करून उरलेला कोन मोजतो.

वाचनं जुळली नाहीत तर फोन करण्याआधी रोलर आणि स्लिपा पुसून थप्पी नव्याने रचा. तरीही फरक राहिला तर गेज पाठवा, सोबत तुमची दोन्ही वाचनं आणि थप्पीचे आकडे लिहून द्या. आम्ही त्याच आकड्यांवर इथे पडताळू.