सिलिंडरचा नंबर म्हणजे चाळिशी नव्हे

धरमपेठेतल्या आमच्या शेजारच्या काकूंच्या चष्म्याच्या चिठ्ठीवर उजव्या डोळ्यासमोर लिहिलं होतं: स्फेरिकल +0.50, सिलिंडर −1.25, ॲक्सिस 90, आणि खाली ॲड +2.00. काकूंनी पहिला आकडा दूरचा आणि दुसरा जवळचा धरला. ही गल्लत पुष्कळांची होते.

खरं तर पहिले तीन आकडे मिळून एकच नंबर होतो, दूरचा. काकूंच्या डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नाही. त्यामुळे बसची पाटी चष्म्याशिवाय वाचताना त्यांना अक्षरांची शिरोरेषा नीट दिसते, पण काने फिसकटतात. सिलिंड्रिकल काच फक्त त्या एका दिशेतला फरक भरून काढते. ती कोणत्या दिशेने बसवायची, हे ॲक्सिस सांगतो. ते अंश असतात, 1 ते 180. त्याला अधिक-उणे चिन्ह नसतं.

चाळिशीचं कारण वेगळं. वयानुसार डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं पाहायला पुरेसं फुगत नाही. ॲड म्हणजे त्यासाठी लागणारी जास्तीची ताकद, आणि ती स्फेरिकलमध्येच मिळवायची. म्हणून काकूंचा वाचायचा नंबर +2.50, सिलिंडर −1.25, ॲक्सिस 90. सिलिंडर तसाच राहिला, कारण वक्रतेतला फरक पुस्तक हातात घेतलं म्हणून जात नाही. बायफोकलमध्ये तो वरच्या भागातही असतो आणि खालच्या खिडकीतही. खिडकीत फक्त ॲडची भर पडते.

सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळणारा +2.50 चा तयार चष्मा काकूंना म्हणूनच पुरत नाही. त्यात सिलिंडर नसतो. पेपर थोडा दूर धरला की शिरोरेषा स्पष्ट, जवळ आणला की काने स्पष्ट. दोन्ही एकदम कधीच नाही. ज्यांना सिलिंडर नाही आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा आहे, त्यांनी वाचायला तो खुशाल वापरावा.

नवा चष्मा हातात आला की एक गोष्ट जरूर करून पाहा. तो डोळ्यांपासून लांब धरा, एका काचेतून दाराची उभी चौकट बघा आणि चष्मा घड्याळाच्या काट्यासारखा हळूहळू फिरवा. चौकट काचेत तिरपी होऊ लागली, तर सिलिंडर आहे. चिठ्ठीत तो असून चौकट हलतच नसेल, तर काच परत करा. सिलिंडर अगदी कमी असेल तर मात्र हा फरक डोळ्याला जाणवत नाही, तेव्हा दुकानातल्या लेन्सोमीटरवर काच मोजून घ्यावी.

गोल फ्रेम घेणाऱ्यांनी जास्त जपावं. त्यात सैल झालेली काच जागच्या जागी फिरते. दहा अंश फिरली तर सिलिंडरचा सुमारे एक तृतीयांश फायदा जातो, तीस अंश फिरली तर जवळजवळ सगळाच. बायफोकलमध्ये हे पटकन कळतं: खिडकीची सरळ कड आडवी न राहता कलते. साध्या काचेत अशी खूण नसते, त्यामुळे नंबर वाढला असं वाटलं तर आधी काच जागेवर आहे का ते दुकानात तपासून घ्या.