बिजागरीला तेल, कुलपाला ग्राफाइट

दार करकरतंय, तेल घाल. कुलूप फिरत नाहीये, तेल घाल. आपल्याकडे दोन्हींवर औषध एकच. मीही कित्येक वर्षं शिलाई मशीनच्या तेलाची तीच छोटी बाटली घेऊन आधी बिजागऱ्यांवर आणि मग किल्लीच्या भोकात थेंब सोडत असे. बिजागऱ्या वर्षानुवर्षं गुमान राहिल्या. कुलूप मात्र प्रत्येक वेळी चारदोन दिवस सुतासारखं चालायचं आणि काही महिन्यांत पहिल्यापेक्षा जास्त अडायचं. मी आणखी तेल घालायचो. शेवटी एका पावसाळ्यात किल्ली आत गेली आणि फिरेचना. ओढून काढली तर तिच्या दात्यांत काळा, चिकट, मळीसारखा थर भरलेला. तो माझ्याच तेलाचा होता.

आधी बिजागरी पाहू, ती सरळ आहे. एकात एक गुंफलेल्या नळ्या आणि त्यांतून आरपार गेलेली जाड पिन. दाराचं सगळं वजन या पिनेवर आणि नळ्यांच्या कडांवर टेकलेलं असतं. कोरडं लोखंड लोखंडावर घासलं की ते सलग सरकत नाही. अडतं, सुटतं, पुन्हा अडतं. तीच करकर. इथे मधे टिकून राहणारा तेलाचा किंवा ग्रीसचा थर हवा. तो ओलावा बाहेर ठेवतो आणि गंजही रोखतो. त्यावर थोडी धूळ बसली तरी बिघडत नाही, कारण दार ढकलणाऱ्या हाताच्या जोरापुढे तो चिकटपणा काहीच नाही. ग्राफाइटची पूड इथे टाकली तर ती खाली गळून जाईल आणि गंजापासून वाचवणार नाही ते वेगळंच.

नुसतं वरून तेल सोडण्यापेक्षा पिन काढून केलेलं काम जास्त टिकतं. दार बंद ठेवायचं आणि एका वेळी एकाच बिजागरीची पिन खालून खिळा लावून हातोडीने हलके ठोकत वर काढायची. गंज पॉलिश पेपरने घासायचा, पिन पुसायची, बोटाने ग्रीसचा पातळ हात फिरवायचा आणि परत बसवायची. मग दुसरी. (सगळ्या पिना एकदम काढल्यात तर दार तुमच्या अंगावर येईल.) पिन निघतच नसेल तर वरच्या फटीत दोन थेंब तेल, दार दहा-बारा वेळा उघडझाप आणि ओघळ पुसणं, एवढं पुरतं.

कुलपाचं पोट वेगळं आहे. दाराला असतं तसलं नेहमीचं सिलिंडरचं कुलूप घ्या. किल्ली जाते तो फिरता दांडा एका घट्ट घरात बसवलेला असतो, आणि दोघांमधली फट जेमतेम एखाद्या केसाएवढी. त्या दांड्यात वरून खाली पाच-सहा बारीक विहिरी. प्रत्येकीत पितळेची एकावर एक अशी दोन खुंट्यांची जोडी, आणि वर त्यांना खाली दाबणारी एक स्प्रिंग. किल्लीचे दाते या जोड्या नेमक्या इतक्याच उचलतात, की प्रत्येक जोडीतली मधली फट दांड्याच्या कडेशी एका रेषेत येते. सगळ्या आल्या की दांडा फिरतो. एक जरी वर किंवा खाली राहिली तरी कुलूप ढिम्म.

आता त्या स्प्रिंगकडे पाहा. ती केसासारख्या तारेची, बोटाच्या टोकावर ठेवली तर जाणवणारही नाही अशी. खुंटी खाली आणायला तेवढाच जोर उपलब्ध आहे. तुमचा हात किल्लीला जोर देतो, खुंटीला खाली ओढू शकत नाही. तेल घातल्यावर पहिले काही दिवस सगळं छान सरकतं. पण किल्लीबरोबर खिशातली धूळ, कपड्यांचे तंतू रोज आत जातात, झिजलेल्या पितळेची भुकटी आतच तयार होते, आणि तेल हे सगळं धरून ठेवतं. तेलातला पातळ भाग उडून जातो, उरतो तो घट्ट राब. खुंटी विहिरीत चिकटते आणि स्प्रिंग हरते. स्वयंपाकाचं तेल तर हवेने आणखी लवकर चिकट होतं, ते कुलपात घालूच नये.

ग्राफाइट म्हणजे कार्बनच, पण थरांचा. थरातले अणू एकमेकांना घट्ट धरतात, थर मात्र एकमेकांवरून सहज घसरतात. शिसपेन्सिलीचं टोक कागदावर घासतं तेव्हा हेच थर सुटून कागदाला लागतात. नावात शिसं असलं तरी तिच्यात शिसं नसतंच. ही पूड पितळेवर घासली गेली की एक कोरडा, गुळगुळीत लेप बसतो. तो ओला नसल्यामुळे धुळीला धरत नाही, सुकून घट्ट होत नाही, थंडीत जड होत नाही.

पण माझी पुढची चूक अशी, की तेलकट कुलपातच मी ग्राफाइट फुंकलं. तेल आणि ग्राफाइट मिळून काळा लेह्य तयार झाला आणि दोन दिवसांत परिस्थिती आणखी बिघडली. आधी धुणं आवश्यक. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट साफ करायचा, मागे काही न ठेवणारा स्प्रे मिळतो, त्याची नळी किल्लीच्या भोकात धरून मी तो मारला. खाली कापड धरलं, किल्ली आत-बाहेर केली, पुसली, परत मारला. पहिल्या तीन वेळा किल्ली काळी निघाली, पाचव्यांदा स्वच्छ. (हा स्प्रे पेट घेतो; खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नको.) रात्रभर वाळू दिलं. सकाळी टोकदार नळीच्या बाटलीतून ग्राफाइटच्या दोन छोट्या फुंकरा, किल्ली दहा वेळा आत-बाहेर, मग दोन्हीकडे फिरवून पाहिली आणि पुसली. फुंकरा दोनच. भरभरून टाकलेली पूडही विहिरीत दबून बसते. बाटली हाताशी नसेल तर मऊ, 6बी पेन्सिल किल्लीच्या दात्यांवर गिरवून चालते. पेन्सिलीत चिकणमाती मिसळलेली असते, म्हणून ही तात्पुरती सोय.

हे सगळं करण्याआधी एक परीक्षा मात्र करा, ती मी सगळ्यात शेवटी शिकलो. दार उघडं ठेवून किल्ली फिरवा. उघड्या दारात कुलूप अलगद फिरत असेल आणि बंद दारातच अडत असेल, तर दोष सिलिंडरचा नाही. दार खाली बसलंय आणि कुलपाची जीभ चौकटीतल्या खाचेच्या कडेवर आपटतेय. तिथे सैल झालेल्या बिजागरीचे स्क्रू आवळायचे असतात. उघड्या दारातही अडत असेल तर दुसरी, कमी वापरलेली किल्ली लावून पाहा. ती चालली तर रोजची किल्ली झिजली आहे, आणि झिजलेल्या दात्यांना कोणतीच पूड परत उंच करत नाही.

ग्राफाइटलाही मर्यादा आहेत. त्यातून वीज वाहते, त्यामुळे ज्या कुलपात इलेक्ट्रॉनिक भाग किंवा विजेचे कॉन्टॅक्ट आहेत तिथे ते नको. काही कुलूप-कंपन्या स्वतःच्या कुलपांसाठी टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे सुचवतात, तसं लिहिलं असेल तर तेच वापरायचं. आणि एकाच कुलपात दोन्ही न्याय लागतात: किल्लीच्या भोकात ग्राफाइट, पण दाराच्या कडेतून बाहेर येणाऱ्या जिभेच्या बाजूंना ग्रीसचं बोट. टांगत्या कुलपाच्या कडीचंही तसंच, ती जिथे आत शिरते तिथे तेलाचा एक थेंब चालतो, फक्त तो थेंब घालताना कुलूप असं धरायचं की तेल ओघळून किल्लीच्या भोकाकडे जाणार नाही.